बजेटची ओळ आणि लेजरचा कोड: जुळवणी एंट्रीच्या वेळीच कशी करावी

*«आमची छोटी संस्था आहे. हिशोब टॅलीत, देणगीदाराचं बजेट एक्सेलमध्ये. दर तिमाहीला अहवाल देताना दोन्हीकडचे आकडे हातानं जुळवत बसतो आणि तरी थोडा फरक राहतोच. बजेटच्या ओळींना लेजरचे कोड कसे द्यावेत, म्हणजे हे आपोआप जुळेल?»*

प्रत्येक बजेट ओळीसमोर एकेक लेजर कोड लिहून काढला की झालं, असं वाटतं. तसं करून बघितलंत तर तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच अडाल. लेजर खर्चाचा प्रकार सांगतं: प्रवास, भोजन, छपाई, भाडं. देणगीदाराचं बजेट मात्र सरमिसळ असतं. त्यातल्या काही ओळी प्रकाराच्या असतात (मनुष्यबळ, प्रवास, प्रशासन) आणि काही कामाच्या (बारा प्रशिक्षणं, साहित्य वाटप). प्रशिक्षणाच्या एका ओळीत भोजन, छपाई, तज्ज्ञाचं मानधन, येण्याजाण्याचा खर्च असं सगळं बसतं. उलट प्रवासाचं एकच लेजर प्रवासाच्या ओळीतही जातं आणि प्रशिक्षणाच्या ओळीतही. म्हणजे एका ओळीला अनेक लेजरं आणि एका लेजरला अनेक ओळी. नुसत्या लेजरच्या नावावरून ओळ ठरवणारा तक्ता अशा ठिकाणी बनूच शकत नाही, कितीही हुशारीनं बनवला तरी. तुम्ही तिमाहीच्या शेवटी हातानं करता ते हेच: प्रत्येक व्हाउचर आठवून ते कोणत्या कामाचं होतं हे ठरवता.

ती माहिती एंट्री करतानाच पुस्तकात गेली पाहिजे. टॅलीत त्यासाठी कॉस्ट सेंटर आहे. खर्च कशावर झाला हे लेजर सांगेल, कोणत्या कामासाठी झाला हे कॉस्ट सेंटर सांगेल आणि बजेटची ओळ या दोघांच्या जोडीवरून ठरेल. नियम एवढाच की लेजर आणि कॉस्ट सेंटरची प्रत्येक जोडी बरोबर एकाच ओळीत जावी. एका ओळीत कितीही जोड्या येऊ द्या, पण एका जोडीला दोन ओळी नकोत आणि ओळ नसलेली जोडीही नको.

किती बारकाईनं करायचं हे तुमच्याकडे देणगीदार किती आहेत त्यावर आहे. एकच देणगीदार असेल आणि त्याच्या ओळी आठ-दहाच असतील, तर बजेटची ओळ हेच कॉस्ट सेंटर करून टाका. तक्त्याची गरज नाही. टॅलीत कॉस्ट सेंटरवर बजेट टाकता येतं आणि फरकही तिथंच दिसतो. पण तीन देणगीदार आणि तिघांचे तीन साचे असतील, तर ओळींनुसार सेंटर केलेलं पुढच्या वर्षी अंगाशी येतं, कारण देणगीदारानं साचा बदलला की तुमची सेंटरं बदलतात. अशा वेळी सेंटर कामानुसार ठेवावं आणि ओळ तक्त्यातून काढावी. प्रश्नावरून तुमचं दुसऱ्या प्रकारात मोडेल असं धरून पुढे लिहितो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत, पण घडण अगदी नेहमीची आहे. परसबागेचा एक वर्षाचा प्रकल्प, मंजूर रक्कम १८,००,०००. ओळी सहा: १ मनुष्यबळ ७,२०,०००, २ प्रशिक्षणं ३,६०,०००, ३ बियाणं व ठिबक साहित्य ४,२०,०००, ४ प्रवास १,२०,०००, ५ साधनं ९०,०००, ६ प्रशासन ९०,०००.

टॅलीत PB नावाचं वरचं कॉस्ट सेंटर करायचं आणि त्याखाली चार: PB-TRG प्रशिक्षणासाठी, PB-INP साहित्यासाठी, PB-GEN प्रकल्पाच्या रोजच्या चालवण्यासाठी, PB-ADM प्रशासनासाठी. सहा ओळींना चारच सेंटरं पुरतात, कारण उरलेला फरक लेजर सांगतं. सेंटरच्या नावात साल घालू नका. प्रकल्प दोन वर्षं चालला किंवा देणगीदाराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असलं तरी सेंटर तेच राहतं; काळ अहवालाच्या तारखेनं निवडायचा असतो.

लेजरच्या बाबतीत संस्थांमध्ये उलटा मोह दिसतो. «प्रवास – प्रशिक्षण», «प्रवास – क्षेत्र», «प्रवास – अमुक देणगीदार» अशी लेजरं वाढत जातात आणि कॉस्ट सेंटरचं काम लेजरकडून करून घेतलं जातं. दोन वर्षांत यादी तीनशेवर जाते आणि लेखापरीक्षक वर्षअखेरीस ती सगळी पुन्हा एकत्र करून उत्पन्न-खर्च पत्रकात बसवतो. मी लेजर वेगळं करायला एकच कारण मानतो: कर, कायदा किंवा वार्षिक पत्रक यांपैकी कुठं तरी त्याची वागणूक वेगळी असली पाहिजे. कर्मचाऱ्यांचं मानधन आणि बाहेरच्या तज्ज्ञाचं मानधन ही दोन लेजरं हवीत, कारण टीडीएस वेगवेगळ्या तरतुदींखाली कापला जातो. प्रशिक्षणाचा प्रवास आणि क्षेत्राचा प्रवास यांत असा फरक नाही. लेजर एकच पुरे.

लेजरच्या नावाच्या सुरुवातीला चार अंकी कोड घाला: 5210 प्रवास खर्च, 5220 भोजन खर्च. पुढे कुणी «प्रवास खर्च»चं «प्रवास व वाहन खर्च» केलं, किंवा शेवटी नकळत एक जागा सोडली, तरी तक्ता पहिल्या चार अंकांवर चालत असल्यामुळे बिघडत नाही. कोड दहा-दहाच्या अंतरानं द्या आणि बंद केलेला कोड पुन्हा दुसऱ्या कशाला वापरू नका. जुना अहवाल परत काढाल तेव्हा त्याचं महत्त्व कळतं.

आता तक्ता. एक्सेलच्या वेगळ्या पानावर, Map नावाचं टेबल:

```
Key           Line  Type
5110|PB-GEN   1     E
5120|PB-TRG   2     E
5210|PB-TRG   2     E
5210|PB-GEN   4     E
5220|PB-TRG   2     E
5230|PB-TRG   2     E
5230|PB-ADM   6     E
5310|PB-INP   3     E
5320|PB-INP   3     E
5410|PB-ADM   6     E
1610|PB-GEN   5     C
1450|PB-TRG   2     A
```

5110 कर्मचाऱ्यांचं मानधन, 5120 तज्ज्ञांचं, 5230 छपाई, 5310 साहित्य, 5320 मालवाहतूक, 5410 कार्यालय भाडं, 1610 संगणक आणि 1450 कर्मचाऱ्यांना दिलेली उचल. तक्त्यात चौथा स्तंभ टिपणीचा ठेवा, मी तो वर दाखवलेला नाही. वाद होऊ शकेल अशा प्रत्येक जोडीसमोर तिथं निर्णय लिहायचा: «प्रशिक्षणार्थींचा व तज्ज्ञांचा प्रवास ओळ २ मध्ये, कर्मचाऱ्यांचा क्षेत्रभेटीचा ओळ ४ मध्ये, देणगीदाराच्या बजेट टिपणीप्रमाणे». हा निर्णय हिशोबनीसानं एकट्यानं घ्यायचा नसतो. प्रकल्प सुरू होताना समन्वयक आणि तुम्ही एकदा बसून घ्या, शंका असेल तिथं देणगीदाराला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

तिसरा स्तंभ, Type, हा माझ्या मते या तक्त्याचा गाभा आहे. E म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रकात जाणारा खर्च. C म्हणजे देणगीदाराच्या लेखी खर्च, पण आपल्या पुस्तकात मालमत्ता. A म्हणजे उचल, अजून खर्च न झालेली. याशिवाय X ठेवायचा, म्हणजे पुस्तकात खर्च पण बजेटमध्ये नाही. घसारा इथं जातो. बजेट आणि लेजर «जुळत नाही» म्हणून जी ओरड असते, तिच्यातला बराच भाग कोडचा नसतोच. दोघं खर्च कशाला म्हणतात यातच फरक असतो. तो फरक तक्त्यात बसवला की दर वेळी नव्यानं शोधायला लागत नाही.

उचल आणि संगणक ही ताळेबंदातली खाती आहेत. त्यांना कॉस्ट सेंटर लागू व्हावं म्हणून टॅलीच्या कॉस्ट कॅटेगरीत Allocate Non-Revenue Items ला Yes करा आणि त्या लेजरमध्ये Cost centres are applicable चालू करा. हे राहून गेलं तर लॅपटॉपची खरेदी कॉस्ट सेंटरच्या अहवालात उतरत नाही आणि ५ क्रमांकाची ओळ वर्षभर शून्य दिसते.

आता हे पहिल्या तिमाहीवर लावून बघू. लेजरप्रमाणे प्रकल्पाचा खर्च असा: कर्मचारी मानधन १,८०,०००, तज्ज्ञ मानधन १८,०००, प्रवास ४१,५००, भोजन ३३,६००, छपाई ९,४००, साहित्य १,१२,०००, मालवाहतूक ८,५००, कार्यालय भाडं १५,०००. बेरीज ४,१८,०००. समन्वयकाच्या एक्सेलमध्ये मात्र ४,७६,००० आहे. फरक ५८,०००.

हातानं जुळवणारा माणूस इथून व्हाउचरं उपसायला लागतो. तक्ता असेल तर बसल्या जागी उत्तर मिळतं: ४६,००० चा लॅपटॉप Type C आहे आणि १२,००० ची उचल Type A आहे. जून महिन्याच्या शेवटी प्रशिक्षणासाठी कार्यकर्त्याला दिलेली ती रक्कम अजून हिशोबात आली नव्हती. देणगीदाराला दाखवायचा खर्च E अधिक C, म्हणजे ४,६४,०००. उचल वेगळ्या स्तंभात. तिन्ही आकडे एकाच पानावर दिसतात, म्हणून «तुझा खरा की माझा» हा प्रश्नच राहत नाही.

ओळीनिहाय बघितलं तर अजून एक गोष्ट दिसते, आणि ती मला एकूण फरकापेक्षा जास्त धोक्याची वाटते. ओळ २ मध्ये तक्त्याप्रमाणे तज्ज्ञ १८,०००, प्रवासातला PB-TRG चा भाग १४,२००, भोजन ३३,६०० आणि छपाईतले ६,९०० येतात, बेरीज ७२,७००. समन्वयकाकडे त्याच ओळीत ७०,५०० आहेत. फरक अवघा २,२००. अशा वेळी बहुतेक जण «किरकोळ आहे, पुढच्या तिमाहीत बघू» म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात त्या २,२०० च्या पोटात दोन मोठे फरक आहेत: समन्वयकानं उचलीचे १२,००० खर्चात धरले आणि प्रशिक्षणाच्या प्रवासाचे १४,२०० प्रवासाच्या ओळीत टाकले. एकानं आकडा वाढवला, दुसऱ्यानं कमी केला, आणि उरलेला फरक लहान दिसला. प्रवासाच्या ओळीत त्याच्याकडे ४१,५०० आणि तुमच्याकडे २७,३०० आहेत. वर्षाच्या १,२०,००० पैकी तिमाहीतच ४१,५०० उडाले असं धरून त्यानं क्षेत्रभेटी आवरत्या घेतल्या असत्या, तेही विनाकारण. म्हणून फरकाच्या आकारावरून त्याची गंभीरता ठरवू नका. नियमानं जुळतं का एवढंच पाहा.

उरलेल्या ओळी: १ मध्ये १,८०,०००, ३ मध्ये साहित्य आणि मालवाहतूक मिळून १,२०,५००, ४ मध्ये २७,३००, ५ मध्ये ४६,०००, ६ मध्ये भाडं १५,००० आणि छपाईतले २,५०० मिळून १७,५००. सगळ्यांची बेरीज ४,६४,०००.

टॅलीतून माहिती काढायला Statements of Accounts मध्ये Cost Centres खाली Cost Centre Break-up हा अहवाल आहे. एका सेंटरखाली कोणत्या लेजरला किती गेले ते तो दाखवतो, म्हणजे आपल्याला हवी असलेली जोडीच मिळते. काळ निवडून प्रत्येक सेंटरचा अहवाल एक्सेलमध्ये घ्या आणि Data नावाच्या टेबलमध्ये लेजर, सेंटर, रक्कम अशा तीन स्तंभांत उतरवा. संगणक किंवा उचल यांसारख्या खात्यांची मागची शिल्लक असू शकते. तिथं अखेरची शिल्लक न घेता त्या काळातली नावे वजा जमा अशी उलाढाल घ्यायची. उचल किती बाकी आहे हे पाहायचं असेल तर काळ प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून धरा.

मग सूत्रं तीनच. पहिलं जोडी बनवतं, दुसरं ओळ शोधतं (Type साठी तसंच एक), तिसरं अहवालात E ची बेरीज आणतं; C आणि A च्या स्तंभांत शेवटचं अक्षर तेवढं बदला:

```
=LEFT([@Ledger],4)&"|"&[@Centre]
=XLOOKUP([@Key],Map[Key],Map[Line],"UNMAPPED")
=SUMIFS(Data[Amount],Data[Line],$A5,Data[Type],"E")
```

जुन्या एक्सेलमध्ये XLOOKUP नसतं; तिथं INDEX आणि MATCH वापरा. VLOOKUP वापरत असाल तर शेवटी FALSE लिहायला विसरू नका. ते नसेल तर एक्सेल जवळची जोडी शोधून तिची ओळ देतं, आणि आकडा चुकीच्या ओळीत गेला तरी बेरीज जुळत असल्यानं कुणाच्या लक्षात येत नाही.

अहवालाच्या तळाशी UNMAPPED ची एक ओळ कायम ठेवा. त्या ओळीच्या SUMIFS मधून Type ची अट काढून टाका, म्हणजे तक्त्यात नसलेली कोणतीही जोडी तिथं येऊन पडते. ती शून्य नसेल तर अहवाल बाहेर जाणार नाही, हा नियम करा. मी पाहिलेल्या बऱ्याच फाइलींत नेमकी ही ओळ नसते आणि न सापडलेली रक्कम शांतपणे गळून जाते. तिच्या शेजारी दोन तपासण्या हव्यात. Map मध्ये एकच जोडी दोनदा आली आहे का हे COUNTIF नं पाहायचं, कारण XLOOKUP पहिली सापडलेली ओळ देऊन मोकळं होतं, तक्रार करत नाही. दुसरी तपासणी नियंत्रण बेरजेची: संस्थेच्या सगळ्या सेंटरांतली E आणि X मिळून बेरीज उत्पन्न-खर्च पत्रकातल्या एकूण खर्चाइतकी आली पाहिजे. यासाठी खर्चाच्या प्रत्येक लेजरला कॉस्ट सेंटर लागू हवं, घसाऱ्यालाही. घसारा संस्थेच्या स्वतःच्या सेंटरवर टाका आणि तक्त्यात X लिहा. बेरीज कमी आली तर कुठलं तरी व्हाउचर सेंटरशिवाय राहिलं आहे. वर्षाच्या मध्ये कॉस्ट सेंटर चालू केलं की आधीची व्हाउचरं तशीच कोरी राहतात, तेव्हा हे हमखास घडतं.

इथपर्यंतचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं. अवघड भाग आहे तो सेंटर योग्य पडण्याचा. हिशोबनीसाच्या टेबलावर ढाब्याचं बिल आलं तर ते प्रशिक्षणाचं जेवण की क्षेत्रभेटीचं, हे त्यानं कसं ओळखावं? ते त्याच्यावर सोडलंत तर तो अंदाज करणार, आणि मग तुमचा तक्ता अचूकपणे चुकीचे आकडे देईल. माझ्याकडे रबरी शिक्का असतो. बिलांवर देणगीदाराच्या नावाचा शिक्का बहुतेक संस्था मारतातच, म्हणजे तेच बिल दुसऱ्या देणगीदाराकडे जाऊ नये. त्याच शिक्क्यात कॉस्ट सेंटरसाठी एक चौकट आणि सहीची जागा वाढवायची. खर्च मंजूर करणारा माणूस चौकट भरतो, हिशोबनीस फक्त उतरवून घेतो. चौकट रिकामी असेल तर बिल परत. पहिल्या महिन्यात कुरकुर होते, नंतर सवय पडते.

एका बिलात दोन कामं असतील तर त्याच व्हाउचरमध्ये रक्कम विभागा. सामाईक खर्चाचंही तेच. समजा कार्यालयाचं भाडं महिना १२,५०० आहे आणि विश्वस्तांनी मंजूर केलेल्या वाटपाप्रमाणे ४० टक्के या प्रकल्पाचे. मग दर महिन्याच्या व्हाउचरमध्ये PB-ADM ला ५,०००, दुसऱ्या प्रकल्पाला ४,५०० आणि संस्थेच्या स्वतःच्या निधीला ३,००० असं विभागायचं. वरच्या तिमाहीतले १५,००० असेच आले. «सामाईक» नावाच्या सेंटरवर साठवून वर्षअखेरीस एक्सेलमध्ये वाटायचं, हे करू नका. एक्सेलमधलं वाटप पुस्तकात नसतं आणि सनदी लेखापाल उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करताना पुस्तक पाहतो. महिन्याला जमत नसेल तर तिमाहीला जर्नल एंट्री करा, पण ती टॅलीत करा. वाटपाचा आधार माणसांची संख्या, जागेचं क्षेत्रफळ, वेळपत्रक यांपैकी काहीही असू शकतो. तो लिहिलेला असावा आणि वर्षाच्या मध्ये सोयीप्रमाणे बदलू नये.

परतावे त्याच जोडीवर जमा करा. रद्द झालेल्या रेल्वे तिकिटाचे पैसे «इतर उत्पन्न»मध्ये टाकले तर प्रवासाची ओळ फुगलेली राहते आणि उत्पन्नात एक अनोळखी आकडा दिसतो. टीडीएसचंही लक्षात ठेवा: पुस्तकात खर्च पूर्ण रकमेचा पडतो, बँकेतून कापून उरलेली रक्कम जाते. समन्वयक बँकेच्या पासबुकावरून आपली फाइल भरत असेल तर तज्ज्ञांच्या मानधनात फरक पडतच राहील. त्याला वेगळी फाइल ठेवू न देता दर महिन्याला हाच अहवाल पाठवणं, हा त्यावरचा खरा उपाय.

परदेशी निधी असेल तर दोन गोष्टी. एफसीआरएखालच्या निधीची पुस्तकं आणि बँक खातं वेगळं असतं, त्यामुळे भाड्याचं वर सांगितलेलं विभाजन एका व्हाउचरमध्ये होणार नाही. परदेशी निधीचा हिस्सा त्याच्याच खात्यातून द्यावा लागेल. तक्ता मात्र एकच चालतो. दोन्ही टॅली कंपन्यांत लेजरचे कोड सारखे ठेवा आणि दोन्हीकडची माहिती एकाच Data टेबलमध्ये, एक स्तंभ वाढवून आणा. दुसरी गोष्ट प्रशासकीय खर्चाची. २०२० च्या दुरुस्तीनं त्याची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. कायदा प्रशासकीय कशाला म्हणतो आणि देणगीदार त्याच्या बजेटमध्ये कशाला म्हणतो, हे एकच नसतं. व्यवस्थापनातल्या माणसाचा पगार देणगीदाराच्या मनुष्यबळ ओळीत असू शकतो आणि तरी कायद्याच्या लेखी प्रशासकीय ठरू शकतो. यासाठी नवं सेंटर उघडू नका; Map मध्ये एक स्तंभ वाढवून प्रत्येक जोडीसमोर हो किंवा नाही लिहा. तेच उत्तर देणगीदाराला एका साच्यात आणि कायद्याला दुसऱ्या साच्यात देता येतं, एंट्री एकदाच. फक्त «व्यवस्थापन मानधन» आणि «क्षेत्र कार्यकर्ते मानधन» ही लेजरं वेगळी हवीत, नाहीतर जोडी दोन्हीकडे सारखीच येईल. कायदा वागणूक बदलतो म्हणून लेजर वेगळं करायचं, हा वरचाच नियम.

बजेट सुधारलं तर ओळींचे क्रमांक बदलू नका. अहवालात मूळ बजेट आणि सुधारित बजेट असे दोन स्तंभ ठेवा. ओळ बंद झाली तर तिचं बजेट शून्य करा, ओळ ठेवा. आधी पडलेला खर्च कुठं तरी दिसला पाहिजे. नवी ओळ आली तर तिला पुढचा क्रमांक. देणगीदार एका ओळीतून दुसरीत किती टक्क्यांपर्यंत न विचारता वळवू देतो, हे प्रत्येक करारात वेगळं असतं. ते अहवालाच्या डोक्यावर लिहून ठेवा, म्हणजे ओळ फुगताना वेळेवर कळेल. आणि फुगली म्हणून खर्च दुसऱ्या सेंटरवर ढकलायचा नाही, परवानगी मागायची.

तुमचं वर्ष अर्धं संपलं असेल तर सगळं मागे जाऊन दुरुस्त करायचा हट्ट धरू नका. ज्या तिमाहीचा अहवाल देणगीदाराला गेला आहे, तिच्या व्हाउचरांना हात लावायचा नाही. त्या तिमाहीचे ओळीनिहाय आकडे अहवालात दिले तसेच एका गोठवलेल्या स्तंभात ठेवा. त्यात चूक सापडली तर चालू तिमाहीच्या तारखेनं जर्नल एंट्री करून एका सेंटरमधून दुसऱ्यात न्या आणि व्हाउचरच्या निवेदनात मूळ व्हाउचरचा क्रमांक लिहा. अहवाल न गेलेल्या महिन्यांची व्हाउचरं मात्र उघडून सेंटर भरा. संस्था कलम ८ खालची कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बंधनकारक आहे आणि प्रत्येक बदल त्यात दिसतो. कारण सांगता येत असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सुरुवातीला एकच प्रकल्प घ्या, आणि तोही सर्वांत गुंतागुंतीचा. सोप्या प्रकल्पावर बनवलेला तक्ता अवघड प्रकल्पाला पुरत नाही आणि मग लेजरचे कोड पुन्हा मांडावे लागतात.